व्ह्यूज ऐंशी हजार, पण बॅचमध्ये तीन जागा रिकाम्याच! फैजपूरच्या ट्रेनरनं रीलचं कॅप्शन आणि हॅशटॅग कसे लिहावेत?

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपुरात एक फिटनेस ट्रेनर आहे. भाड्याचा एक हॉल, सकाळ-संध्याकाळ दोन बॅचेस आणि एका बॅचमध्ये जास्तीत जास्त बारा जण. त्यानं स्क्वॅटची एक रील टाकली. मागं गाजणारं गाणं, कॅप्शनमध्ये 'No pain no gain', खाली #fitness #gym #motivation #viral #explorepage असे पंचवीस हॅशटॅग.

रील चालली. ऐंशी हजार व्ह्यूज आले. कमेंटमध्ये लखनऊचा एक जण 'ब्रो, डाएट प्लॅन' म्हणाला, इंदूरच्या दुसऱ्यानं आगीचे इमोजी टाकले. पण सकाळच्या बॅचमधल्या तीन रिकाम्या जागा महिन्याअखेरीस रिकाम्याच राहिल्या. हॉलचं भाडं मात्र ठरलेल्या तारखेला गेलं.

हे उदाहरण समजावण्यापुरतं घेतलेलं आहे, पण छोट्या गावात व्यवसाय करणाऱ्या अनेकांना ते ओळखीचं वाटेल. रील पाहणारे आणि हॉलवर येऊ शकणारे, हे दोन वेगळे गट असतात. पहिला गट वाढला म्हणून दुसरा आपोआप वाढत नाही. दुसऱ्या गटापर्यंत पोहोचायचं असेल तर कॅप्शन आणि हॅशटॅग वेगळ्या पद्धतीनं लिहावे लागतात. ते कसे, हे फैजपूरच्याच उदाहरणावरून पाहू.

रील गावाबाहेर का पळते?

इन्स्टाग्राम एखादी रील कुणाला दाखवायची हे ठरवताना मुख्यतः पाहणाऱ्याची आवड बघतं. ज्याला व्यायामाचे व्हिडिओ आवडतात, त्याला व्यायामाची रील. तो फैजपुरात राहतो की फरिदाबादमध्ये, हा त्या हिशेबातला मोठा मुद्दा नसतो.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या असल्याचं सांगितलं होतं. रील किती वेळ पाहिली गेली, किती लाइक आले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली. आपल्याला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचायचं असेल, तर यातलं 'पाठवणं' जास्त मोलाचं ठरतं, असंही ते म्हणाले होते.

आता ती स्क्वॅटची रील पुन्हा बघा. त्यात कुणी बोलत नाही. फलक दिसत नाही, गावाचं नाव नाही. गाणं देशभर वाजणारं आहे आणि कॅप्शन इंग्रजीत आहे. ही रील फैजपूरची आहे हे ओळखायला ना माणसाला काही खूण आहे, ना मशीनला. मग ती व्यायामाची आवड असलेल्या कुणाकडेही जाते. यात इन्स्टाग्रामची काही चूक नाही. जे सांगितलंच नाही, ते त्याला कळणार कसं?

आधी वर्तुळ आखायचं

कॅप्शन लिहिण्याआधी ट्रेनरनं एक प्रश्न सोडवायला हवा. आपल्याकडे रोज कोण येऊ शकतं?

सकाळी साडेपाचच्या बॅचला फैजपूरमधला माणूस चालत येईल. सावदा, न्हावी, आमोदा, पिंपरूड इथला माणूस दुचाकीवर येईल. पण वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या भुसावळचा माणूस रोज पहाटे तापी ओलांडून व्यायामाला येणार नाही, त्याच्याकडे तिथल्याच जिम आहेत. जळगाव तर आणखी लांब.

म्हणजे खरं वर्तुळ आठ-दहा किलोमीटरचं आहे. त्यात राहणाऱ्यांपैकी व्यायामासाठी पैसे देण्याची तयारी असलेले लोक आणखी थोडे. ट्रेनरला हवेत फक्त तीन जण. त्यामुळे त्याच्यासाठी चांगली रील म्हणजे ऐंशी हजार लोकांनी पाहिलेली नव्हे. या वर्तुळातल्या आठशे जणांनी पाहिलेली आणि त्यातल्या दहा जणांनी चौकशी केलेली रील त्याच्या जास्त कामाची.

वर्तुळ ठरलं की पुढचा प्रश्न, त्यातला नेमका कोण? पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा वेगळा. त्याला १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक यांत गुण हवे असतात. बाळंतपणानंतर वजन वाढलेली गृहिणी वेगळी. दिवसभर दुकानात बसणारा पन्नाशीचा माणूस वेगळा. एका रीलमध्ये यातल्या एकाशीच बोलायचं. तिघांशी एकदम बोलायला गेलं की पुन्हा 'फिट रहा, हिट रहा' छापाचं कॅप्शन तयार होतं.

गावाचं नाव टाकलं की झालं? इथंच गंमत आहे

'स्थानिक लोक हवेत ना, मग #faizpur टाका' असा सल्ला सहज मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे, कारण या पट्ट्यातल्या गावांची नावं इंटरनेटवर एकटी नाहीत.

फैजपूर हे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन इथं झालं आणि जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. त्यामुळे Faizpur शोधलं की स्पर्धा परीक्षेच्या नोट्स समोर येतात. शिवाय उत्तर प्रदेशातही फैजपूर नावाची गावं आहेत.

शेजारचं सावदा घ्या. दिल्लीत 'सावदा घेवरा' नावाची मोठी वसाहत आहे, त्यामुळे #savda मध्ये दिल्लीचे व्हिडिओही मिसळतात.

रावेरचं तर विचारूच नका. इंग्रजीत raver म्हणजे रात्रभर चालणाऱ्या संगीत पार्ट्यांमध्ये नाचायला जाणारा. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या रावेरच्या ट्रेनरनं #raver टाकलं, तर त्याची रील परदेशातल्या चमचमत्या कपड्यांतल्या नाचणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसते.

यावर उपाय सोपा आहे. एकेकट्या नावाऐवजी नावांची जोडी लिहायची. फैजपूर अनेक असतील, सावदाही दोन असतील. पण फैजपूर, सावदा, यावल आणि जळगाव ही चार नावं एकाच वाक्यात येतील असं ठिकाण जगात एकच आहे. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं, आणि कॅप्शनमधले शब्द वाचून रील कशाबद्दल आहे याचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेलाही जास्त स्पष्ट खूण मिळते.

स्पेलिंगचा मुद्दाही इथंच येतो. फोनवर शोधताना कुणी Faizpur लिहितं, कुणी Faijpur. देवनागरीत कुणी फैजपूर, कुणी फैजपुर. सगळी रूपं एका कॅप्शनमध्ये कोंबली तर ते विचित्र दिसतं. त्याऐवजी एक रूप प्रोफाइलच्या नावात, एक कॅप्शनच्या वाक्यात आणि एक हॅशटॅगमध्ये ठेवलं की काम होतं.

कॅप्शन प्रत्यक्षात कसं लिहायचं?

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. पण रील चालू असताना खाली साधारण पहिली ओळच दिसते, बाकी मजकूर बोट लावल्यावर उघडतो. म्हणून पहिल्या ओळीवर सगळी भिस्त असते. 'नमस्कार मित्रांनो' किंवा 'सुप्रभात' यांत ती ओळ वाया घालवायची नाही.

आपल्या ट्रेनरनं ठरवलं की या वेळी चाळिशी ओलांडलेल्या, कधीच व्यायाम न केलेल्या लोकांशी बोलायचं. व्यायाम तोच, स्क्वॅट. फक्त खुर्चीच्या आधारानं. नवं कॅप्शन असं:

> फैजपूर-सावदा परिसर: खाली बसून उठताना हात टेकावा लागतो?
>
> खुर्चीपासून सुरुवात करा. खुर्चीच्या कडेवर बसा, पाय खांद्याइतके दूर ठेवा, हात न टेकता सावकाश उठा. दहा वेळा, दोन फेऱ्या. गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.
>
> फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव) इथं नवशिक्यांसाठी सकाळची बॅच आहे. सावदा, न्हावी, आमोद्याहून रोज येण्यासारखं अंतर. बॅचमध्ये बारा जण, सध्या तीन जागा. महिना ८०० रुपये. पहिले दोन दिवस फी नाही.
>
> Fitness trainer in Faizpur, near Savda, Jalgaon district.
>
> यायचं असेल तर मेसेजमध्ये फक्त 'खुर्ची' लिहा. आई-बाबा गावी असतील तर त्यांना पाठवा.
>
> #faizpur #फैजपूर #faizpurfitness #yawal #beginnerworkout

आता यातली एकेक ओळ काय काम करते ते पाहू.

पहिल्या ओळीत जागा आणि अडचण दोन्ही आहेत. सावद्याच्या माणसाची नजर गावाच्या नावावर अडकते, आणि ज्याला खरंच हात टेकावा लागतो तो पुढं वाचतो. गावाचं नाव पहिल्याच ओळीत आल्यानं लांबचे काही लोक रील सोडून देतील आणि व्ह्यूज कमी होतील, हेही खरं. तो तोटा इथं समजून-उमजून पत्करायचा आहे.

दुसऱ्या परिच्छेदात खरोखर उपयोगी माहिती आहे. ट्रेनरकडे न येताही ती करून बघता येते. अशी रील लोक घरातल्यांना पाठवतात. निव्वळ जाहिरात कुणी कुणाला पाठवत नाही.

तिसरा परिच्छेद चार प्रश्नांची उत्तरं देतो: कुठं, केव्हा, कुणासाठी, किती पैसे. 'फीसाठी इनबॉक्स करा' असं लिहिलं की अनेक जण विचारायलाच लाजतात. गावात तर हे जास्तच, कारण विचारून मग गेलो नाही तर ट्रेनर रस्त्यात भेटणार, ही अडचण असते. फी उघड लिहिली की ज्याला परवडते तोच विचारतो, आणि दोघांचाही वेळ वाचतो. 'सध्या तीन जागा' ही ओळ मात्र खरी असतानाच लिहायची. जागा भरल्यावर कॅप्शन संपादित करून ती काढायची. बारमाही 'शेवटच्या तीन जागा' असं लिहिणाऱ्यावर छोट्या गावात कुणी विश्वास ठेवत नाही.

इंग्रजीतली ओळ शोधणाऱ्यांसाठी आहे. मराठी बोलणारे अनेक जण शोधताना रोमन लिपीतच टाइप करतात. शिवाय १० जुलै २०२५ पासून प्रोफेशनल अकाउंटच्या सार्वजनिक पोस्ट आणि रील्स गुगलसारख्या सर्च इंजिनमध्येही दिसू शकतात. म्हणजे हे एक साधं वाक्य इन्स्टाग्रामच्या बाहेरही उपयोगी पडू शकतं.

शेवटच्या ओळीतल्या 'खुर्ची' या शब्दाचं काम पुढं येईलच. 'आई-बाबा गावी असतील तर त्यांना पाठवा' ही ओळ मात्र खास इथल्यासाठी आहे. या पट्ट्यातल्या अनेक घरांतली मुलं पुणे, नाशिक, मुंबई, सुरतला नोकरीला आहेत. रील पुण्यात पोहोचली म्हणजे ती वाया गेलीच असं नाही. पुण्यातल्या मुलीनं ती सावद्याच्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर तिथं हॅशटॅगपेक्षा लेकीचा शब्द जास्त चालतो.

हॅशटॅग किती आणि कोणते?

पूर्वी इन्स्टाग्रामवर एका पोस्टला तीस हॅशटॅग लावता यायचे, आणि तीसच्या तीस लावायची पद्धतच पडली होती. ते दिवस गेले. डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅग फॉलो करण्याची सोय बंद झाली. त्यानंतर वर्षभरानं, डिसेंबर २०२५ मध्ये, इन्स्टाग्रामनं पाचच हॅशटॅगची मर्यादा जाहीर केली. हॅशटॅगमुळे रील जास्त लोकांपर्यंत पोहोचते असं नाही, असं मोसेरी यांनीही अनेकदा सांगितलं आहे.

मग हॅशटॅग लावायचे कशाला? डब्यावर चिठ्ठी लावतो तशी ती एक खूण आहे. आत काय आहे ते चिठ्ठी सांगते, पण चिठ्ठीमुळे डबा विकला जात नाही.

पाचच चिठ्ठ्या असतील तर #viral, #trending, #explorepage यांना जागाच नाही. ते शब्द रील कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे, कुठली आहे, यांपैकी काहीच सांगत नाहीत. आपल्या ट्रेनरची वाटणी अशी आहे: गावाचं नाव रोमनमध्ये एक, देवनागरीत एक, गाव आणि काम जोडून एक, तालुक्याचा एक आणि व्यायामाच्या विषयाचा एक. रील पोलीस भरतीची असेल तर शेवटचा बदलून #policebharti करायचा. #raver तर नकोच, रावेर तालुक्यातले लोक हवे असतील तर 'रावेर, जि. जळगाव' असं कॅप्शनच्या वाक्यात लिहायचं.

#faizpurfitness हा टॅग शोधून रोज शेकडो लोक येणार नाहीत, ही अपेक्षाच ठेवू नये. पण प्रत्येक रीलला तो लावला, तर त्यावर बोट लावणाऱ्याला ट्रेनरचं बरंचसं काम एका ठिकाणी दिसतं.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवायच्या. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. '#faizpur gym' लिहिलं तर फक्त faizpur हा टॅग होतो. देवनागरी टॅग टाकल्यावर पूर्ण शब्द निळा झाला का ते बघायचं, मध्येच काळा झाला असेल तर टॅग तुटला आहे. आणि हॅशटॅग कॅप्शनमध्येच लिहायचे, पहिल्या कमेंटमध्ये नाही. सर्चमध्ये सापडायचं असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये हवेत, असं इन्स्टाग्रामनं २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे.

कॅप्शनला साथ हवी ती तीन ठिकाणी

कॅप्शन कितीही चांगलं असलं तरी बहुतेक लोक ते वाचत नाहीत, रील बघतात. म्हणून जागेची खूण आणखी तीन ठिकाणी ठेवावी लागते.

पहिलं ठिकाण प्रोफाइलचं नाव. इथं फक्त स्वतःचं नाव असेल तर ज्याला ते आधीच माहीत आहे त्यालाच प्रोफाइल सापडेल. नावापुढं 'Fitness Trainer Faizpur' जोडलं तर ट्रेनर शोधणाऱ्यालाही सापडू शकतं. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळे विचार करून लिहायचं.

दुसरं ठिकाण लोकेशन. रील टाकताना फैजपूर निवडलं की खाली राज्य किंवा जिल्हा काय दिसतो ते वाचायचं. घाईत उत्तर प्रदेशातलं फैजपूर निवडलं जाऊ शकतं. 'जळगाव' निवडतानाही सावध राहायचं, कारण बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. जास्त व्ह्यूज मिळतील म्हणून मुंबई किंवा पुण्याचं लोकेशन टाकणं म्हणजे दुकान फैजपुरात आणि पाटी पुण्यात.

तिसरं ठिकाण आवाज. पहिल्या दोन-तीन सेकंदांत 'फैजपूर, सावदा, न्हावीकडच्या लोकांसाठी' एवढं बोललं आणि तेच पडद्यावर लिहिलं, तर कॅप्शन न वाचणाऱ्यालाही कळतं. बोलण्याची ढब तर हॅशटॅगपेक्षा पक्की खूण असते. इथं एक चूक टाळायला हवी. खान्देश म्हणजे अहिराणी, असं समजून कुणी यावल-रावेर पट्ट्यासाठी अहिराणीत रील करतं. अहिराणी प्रामुख्यानं धुळे आणि जळगावच्या पश्चिम भागातली. पूर्वेच्या या पट्ट्यात लेवा गणबोली कानावर पडते. ट्रेनर घरी जसं बोलतो तसंच रीलमध्ये बोलला, तर प्रश्नच उरत नाही.

जवळच्यांसाठी लिहिताना जपायच्या गोष्टी

लांबच्या प्रेक्षकासाठी रीलमधला चेहरा अनोळखी असतो. जवळच्यासाठी तो शेजारणीचा असतो. म्हणून स्थानिक रील करताना काळजी जास्त लागते.

महिलांच्या बॅचचं उदाहरण घ्या. हॉलचा पत्ता, नेमकी वेळ आणि येणाऱ्या महिलांचे चेहरे हे तिन्ही एकाच सार्वजनिक रीलमध्ये आले, तर कोणती बाई रोज किती वाजता कुठं असते, हे कुणालाही कळतं. त्यामुळे कॅप्शनमध्ये 'महिलांसाठी स्वतंत्र सकाळची बॅच' एवढंच लिहावं, नेमकी वेळ विचारणाऱ्याला मेसेजमध्ये सांगावी. चेहरा दाखवायचा असेल तर आधी स्पष्ट विचारावं आणि नंतर कुणी 'काढा' म्हटलं तर रील काढावी.

'आधी-नंतर'च्या फोटोंचंही तसंच. गावात 'नंतर'चं वजन पुन्हा वाढलं तरी सगळ्यांना दिसतं. 'पंधरा दिवसांत दहा किलो कमी' असा दावा इंदूरच्या प्रेक्षकाला खपेल, पण फैजपुरात ती व्यक्ती बाजारात भेटते. 'गुडघेदुखी बरी करतो', 'शुगर घालवतो' असली वाक्यंही टाळायची. ट्रेनर व्यायाम शिकवतो, आजार बरा करण्याचं काम डॉक्टरांचं आहे.

चाललं की नाही, हे कसं ओळखायचं?

आता 'खुर्ची' या शब्दाकडे येऊ. प्रत्येक रीलला असा एक वेगळा शब्द द्यायचा. भरतीच्या रीलला 'सोळाशे', महिलांच्या बॅचच्या रीलला 'सकाळ'. मेसेजमध्ये जो शब्द येतो, त्यावरून कोणत्या रीलनं माणूस आणला ते कळतं. ट्रेनरनं साध्या वहीत चार रकाने पाडायचे: शब्द, गाव, चाचणीला आला का, फी भरली का. जे थेट हॉलवर येतात त्यांनाही 'कुठून कळलं?' विचारून तिथंच नोंद करायची.

महिन्याअखेरीस वही बघायची. मेसेज बरेच आले पण गावाच्या रकान्यात भुसावळ, जळगाव, पुणे असेल, तर जागेची खूण कमी पडली. गावं बरोबर आहेत पण चाचणीला कुणी आलं नाही, तर वेळ किंवा फी यात अडचण आहे, कॅप्शन बदलून उपयोग नाही. चाचणीला आले पण फी भरली नाही, तर गडबड रीलमध्ये नसून हॉलमध्ये आहे.

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये प्रेक्षकांची शहरं दिसतात, त्यावरही नजर ठेवावी. मात्र ती यादी वरच्या काही मोजक्या शहरांचीच असते. फैजपूरसारख्या गावाचं नाव तिथं दिसलं नाही म्हणून रील इथं पोहोचलीच नाही, असं समजू नये. खरा हिशेब वहीतच सापडतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. या आठवड्यात पहिली ओळ, पुढच्या आठवड्यात फी उघड लिहिणं. सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. आठ-दहा किलोमीटरच्या वर्तुळात व्यायामासाठी पैसे देणारे लोक मोजकेच असतात. काही महिन्यांनी तेच चेहरे रील बघत राहतील आणि नवी चौकशी मंदावेल. अशा वेळी कॅप्शन आणखी घासूनपुसून फारसा फायदा नसतो. तेव्हा नवा गट शोधावा लागतो, म्हणजे चाळिशीच्या लोकांची बॅच भरली की भरतीच्या मुलांची. किंवा थोडे पैसे खर्चून रील बूस्ट करताना फैजपूरभोवतीचं अंतर निवडावं लागतं. बूस्ट करायचं ठरलं तर आधीच एक लक्षात ठेवायचं: गाजलेल्या गाण्यावर केलेली रील सहसा बूस्ट करता येत नाही. स्वतःच्या आवाजातली रील इथंही उपयोगी पडते.

आपल्या उदाहरणातल्या ट्रेनरच्या नव्या रीलला समजा बाराशेच व्ह्यूज आले. आधीच्या ऐंशी हजारांपुढं आकडा किरकोळ दिसतो. पण वहीत 'खुर्ची' सात वेळा लिहिलेलं आहे: चार फैजपूरचे, दोन सावद्याचे, एक न्हावीचा. पाच जण चाचणीला आले आणि तिघांनी फी भरली. सकाळच्या बॅचमध्ये आता बारा जण आहेत, आणि ट्रेनरनं कॅप्शनमधली 'सध्या तीन जागा' ही ओळ काढून टाकली आहे.